अंदाजपत्रकाच्या तळाची ती एक ओळ

सोसायटीच्या इमारत दुरुस्तीचे अंदाजपत्रक उघडले की तळाशी बहुधा एक ओळ सापडते: ‘अनपेक्षित खर्च, १० टक्के’. सर्वसाधारण सभेत रंगाच्या कंपनीवरून तासभर वाद होतो, पण या ओळीवर कोणी चकार शब्द काढत नाही. दहाच टक्के का, ते पैसे कोणी, कशासाठी आणि कोणाच्या सहीने खर्च करायचे, हे कागदावर नसतेच. दुरुस्तीचा हिशेब विस्कटायला सुरुवात होते ती माझ्या मते इथून, कारण या एका ओळीत दोन निरनिराळ्या रकमा कोंबलेल्या असतात.

प्रकल्प व्यवस्थापनात त्यांना दोन नावे आहेत. जो धोका आधीच दिसतो, पण तो ओढवेल की नाही हे ठाऊक नसते, त्याच्यासाठी ठेवलेला पैसा म्हणजे कंटिन्जन्सी रिझर्व्ह. जो धोका कोणाच्या यादीतच नव्हता, त्याच्यासाठीचा पैसा म्हणजे मॅनेजमेंट रिझर्व्ह. पहिला कामाच्या मंजूर खर्चरेषेत, म्हणजे कॉस्ट बेसलाइनमध्ये, मोडतो. दुसरा तिच्या बाहेर राहतो. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९६७ मध्ये कंत्राटदारांसाठी खर्चनियंत्रणाचे निकष लागू केले. त्या पद्धतीतही मॅनेजमेंट रिझर्व्ह बेसलाइनबाहेरच धरतात.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. चाळीस सदनिकांची, पस्तीस वर्षांची इमारत आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार तीस वर्षांपुढच्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट दर तीन वर्षांनी करायचे असते. ते झाले आणि दुरुस्ती करायचे ठरले. दर मी हिशेबाच्या सोयीचे धरले आहेत, करासहित.

‘अशा इमारतीला साधारण साठ लाख लागतात’ हा वरून खाली आलेला अंदाज. खालून वर जायचे तर आधी कामाचे तुकडे पाडावे लागतात, प्रत्येकाचे माप घ्यावे लागते आणि मग दराने गुणावे लागते. परांची ६ लाख. बाहेरचे प्लास्टर १६ हजार चौरस फूट, १०० रुपयांनी १६ लाख. खांब-तुळयांची आरसीसी दुरुस्ती ३ हजार चौरस फूट, ४०० रुपयांनी १२ लाख. गच्चीचे वॉटरप्रूफिंग ८ लाख, सांडपाण्याचे पाइप ५ लाख, रंग ६ लाख, सल्लागाराची फी ३ लाख. बेरीज ५६ लाख.

ही पद्धत भरवशाची आहे, पण तिच्या दोन खोडी आहेत. एक म्हणजे दोन तुकड्यांच्या मधले काम निसटते. राबिट कोण उचलणार, एसीची युनिट्स आणि खिडक्यांच्या ग्रिल काढून परत कोण बसवणार, हे कोणत्याच तुकड्यात नसते आणि शेवटी ‘एक्स्ट्रा आयटम’ म्हणून बिलात उगवते. दुसरी खोड चोरट्या जाडीची. सल्लागार मापात थोडे वाढवतो, कंत्राटदार दरात, कमिटी बेरजेत. एकच भीती तीनदा मोजली जाते आणि मग खरा अंदाज किती होता हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून तुकड्यांचे आकडे कोरडे ठेवावेत आणि भीती वेगळ्या कागदावर लिहावी.

त्या कागदावर इथे तीन गोष्टी येतात. आरसीसीचे माप हातोडीने ठोकून, बद्द आवाज येईल तिथे खूण करून घेतलेले असते. प्लास्टर फोडल्यावर गंजलेल्या सळ्या जास्त निघू शकतात. शक्यता ५० टक्के, फटका ६ लाख. काम रेंगाळून पावसात सापडले तर परांचीचे भाडे आणि झाकपाक: ४० टक्के, अडीच लाख. डक्टमधले जुने पाइप संपूर्ण बदलावे लागणे: २५ टक्के, ४ लाख. शक्यतेने फटक्याला गुणले की अनुक्रमे ३, १ आणि १ लाख येतात, म्हणजे कंटिन्जन्सी ५ लाख. पुस्तकी रीत इथे थांबते.

पण पाच लाख पुरतात का? आरसीसीचा एकटा फटकाच ६ लाखांचा आहे. तिन्ही धोके एकमेकांवर अवलंबून नाहीत असे धरून सगळ्या जोड्या मांडल्या, तर खर्च ५ लाखांपुढे जाण्याची शक्यता ५५ टक्के निघते. सरासरी ही शेकडो धोक्यांच्या ढिगाऱ्यावर चालते. तीन मोठ्या धोक्यांवर ती फसवते. साडेआठ लाख ठेवले तर ८७.५ टक्के शक्यता झाकली जाते. खरे तर आरसीसी वाढले की काम लांबते आणि पावसाचा धोकाही वाढतो, त्यामुळे ही रक्कमही सढळ नाही. तरी तिचे कारण सभेत सांगता येते; दहा टक्क्यांचे सांगता येत नाही.

आता ५६ अधिक साडेआठ, म्हणजे साडेचौसष्ट लाखांची बेसलाइन झाली. ती नोव्हेंबर ते एप्रिल अशी महिन्यांवर पसरावी लागते, कारण निव्वळ एकूण रकमेवरून जानेवारीत आपण कुठे आहोत ते कळत नाही. तिच्यावर साडेतीन लाखांचा मॅनेजमेंट रिझर्व्ह ठेवला की मंजुरी ६८ लाखांची, दर सदनिकेमागे १ लाख ७० हजार. या साडेतीन लाखांना मात्र गणित नाही. जे माहीतच नाही त्याची शक्यता कोण मोजणार? इमारत किती जुनी आहे, तिचे नकाशे आहेत की नाहीत, आधीची दुरुस्ती कोणी कशी केली, यावरून तो अनुभवाने ठरतो.

समजा डिसेंबरमध्ये प्लास्टर फोडले आणि आरसीसी ४,२०० चौरस फूट भरले. वाढीव १,२०० फुटांचे ४ लाख ८० हजार होतात. धोका यादीत होता, म्हणून सल्लागार आणि कंत्राटदार यांनी एकत्र घेतलेल्या मापावर, कमिटीच्या सहीने हे पैसे कंटिन्जन्सीतून जातात. बेसलाइन हलत नाही. ३ लाख ७० हजार उरतात.

जानेवारीत वरची पाण्याची टाकी रिकामी केली तर तिच्या तळाच्या सळ्या कुजलेल्या निघाल्या. ही गोष्ट कोणी लिहिली नव्हती. खर्च २ लाख ८० हजार. इथे कमिटीने परस्पर सही करू नये. ज्या सभेने रक्कम मंजूर केली तिच्यापुढे जावे. मंजुरी मिळाली की रक्कम रिझर्व्हमधून निघून बेसलाइनमध्ये येते आणि ती ६७ लाख ३० हजार होते. मंजूर ६८ लाख तेवढेच राहतात, बाहेर ७० हजार उरतात. बेसलाइन बदलण्याचे कारण असे की टाकीचे काम आता योजनेचा भाग झाले. तसे केले नाही तर पुढचा प्रत्येक महिना उगाच तोट्यात दिसेल.

मार्चमध्ये डक्ट उघडला आणि पाइप ठणठणीत निघाले. आता यादीत फक्त पावसाचे अडीच लाख राहिले, म्हणजे १ लाख २० हजार मोकळे झाले. नेमक्या याच वेळी कोणीतरी प्रवेशद्वाराला ग्रॅनाइट सुचवते. ग्रॅनाइट हा ओळखलेला धोकाही नाही आणि न ओळखलेलाही नाही, ते नवे काम आहे. त्याला नवा ठराव आणि नवे पैसे हवेत.

तुमच्या सोसायटीत अंदाजपत्रक येईल तेव्हा ‘अनपेक्षित’च्या ओळीशी थांबा आणि तिच्यामागची धोक्यांची यादी मागा. यादी नसेल, तर ती तयार होईपर्यंत ठरावाला हात वर करू नका.