रिकामं घर आणि न थांबणारी साखळी

पटावरच्या दोन शेजारच्या खड्यांची अदलाबदल करायची. एकाच रंगाचे तीन खडे एका ओळीत आले की ते फुटतात, वरचे खडे खाली येतात आणि माथ्यावर नवे खडे पडतात. रशियात येवगेनी आलेम्झिन यांनी १९९४ साली डॉसवर चालणारा ‘शारिकी’ हा खेळ केला, तेव्हापासून या खेळांचा मूळ नियम एवढाच आहे. २००१मध्ये पॉपकॅप कंपनीच्या ‘बिज्वेल्ड’ने तो घराघरातल्या संगणकांवर नेला. २०१२मध्ये किंग कंपनीचा ‘कँडी क्रश सागा’ आला आणि तोच नियम लाखो लोकांच्या फोनवर पोचला.

नियम सांगायला दोन-तीन वाक्यं पुरतात. तरी असा खेळ पहिल्यांदा बनवायला बसलेल्या प्रोग्रॅमरच्या वाट्याला दोन बिघाड हमखास येतात. एक म्हणजे खडे खाली आल्यावरही पटाच्या मध्ये एखादं घर रिकामं राहतं. दुसरा म्हणजे एका चालीनंतर खडे फुटतच राहतात, साखळी संपत नाही आणि खेळणाऱ्याला पुढची चाल करायला मिळत नाही. पहिल्यात खडे कमी पडतात आणि दुसऱ्यात संपता संपत नाहीत, त्यामुळे हे दोष परस्परविरुद्ध वाटतात. प्रत्यक्षात दोन्ही जन्माला येतात ते खडे फुटल्यापासून पट पुन्हा तपासला जाईपर्यंतच्या क्षणभरात.

त्या क्षणात ठरलेल्या क्रमाने कामं होतात. आधी सगळ्या तिकड्या शोधायच्या. मग त्यांतले खडे काढायचे. वरचे खडे खाली आणायचे. माथ्यावरची रिकामी घरं नव्या खड्यांनी भरायची. त्यानंतर पट पुन्हा पहिल्यापासून तपासायचा, कारण खाली आलेल्या खड्यांमुळे नवी तिकडी जमलेली असू शकते. ती सापडली तर सगळं पुन्हा, नाही सापडली तर खेळणाऱ्याची पाळी.

रिकामं घर कसं राहतं, हे एका उभ्या रांगेत नीट दिसतं. सहा घरांची रांग घेऊ आणि वरून खाली क्रमांक देऊ. पहिल्या घरात अ, दुसऱ्यात ब, तिसरं रिकामं, चौथ्यात क, पाचवं रिकामं आणि सहाव्यात ड. प्रोग्रॅम वरून खाली जातो आणि प्रत्येक खड्याला विचारतो, की तुझ्या खालचं घर मोकळं आहे का? असेल तर तो खडा एक घर उतरतो. अ-च्या खाली त्या वेळी ब आहे, म्हणून अ जागीच राहतो. ब-खालचं घर मोकळं आहे, म्हणून तो तिसऱ्या घरात येतो. क पाचव्यात येतो. फेरी संपते तेव्हा पहिल्या घरात अ, तिसऱ्यात ब, पाचव्यात क आणि सहाव्यात ड असतो. दुसरं आणि चौथं घर रिकामंच आहे. पोकळ्या गेल्या नाहीत, एकेक घर वर चढल्या इतकंच.

हीच फेरी आणखी दोनदा मारली तर रांग बरोबर लागते. पण ज्याने ती एकदाच लिहिली त्याच्या पटाला भोकं पडतात. शिवाय हा दोष लवकर लक्षात येत नाही. एका रांगेत एकच घर रिकामं झालं असेल, तर त्याच्या वरचा खडा उतरतो, पण त्याच्याही वरचा खडा आधीच तपासून झालेला असतो. म्हणून पोकळी फक्त एक घर वर सरकते. भरणारा भाग जर कुठलंही रिकामं घर दिसलं की तिथेच नवा खडा ठेवत असेल, तर ही पोकळी डोळ्यांना दिसतच नाही. मात्र नवे खडे माथ्याऐवजी पटाच्या मधोमध उगवू लागतात.

बसच्या रांगेत पुढचा माणूस सरकल्याशिवाय मागच्याला सरकता येत नाही, तसंच इथेही आहे. म्हणून सुरुवात तळापासून करायची. ‘पुढचा खडा कुठल्या घरात बसणार’ याची एक खूण तळाच्या घरावर ठेवायची आणि नजर वर नेत जायची. रिकामं घर लागलं तर खूण हलवायची नाही. खडा लागला तर तो थेट खुणेच्या घरात ठेवायचा आणि खूण एक घर वर न्यायची. वरच्या उदाहरणात ड सहाव्यात राहतो, क पाचव्यात, ब चौथ्यात आणि अ तिसऱ्यात जातो. एकाच फेरीत रांग भरीव होते, आणि खूण थांबली तिथपासून वरची दोन घरं नव्या खड्यांसाठी उरतात.

दुसरी चूक खडे काढताना होते. आडवी तिकडी आणि उभी तिकडी एका कोपऱ्यात मिळाली, तर काटकोनात पाच खडे असतात, सहा नव्हे, कारण कोपऱ्यातला खडा दोन्हींत येतो. आडवी तिकडी दिसताक्षणी काढून टाकली तर उभीत दोनच खडे उरतात आणि ती तिकडी म्हणून ओळखलीच जात नाही. उलट दोन्ही तिकड्या यादीत जशाच्या तशा लिहिल्या आणि त्या यादीवरून नवे खडे मोजले, तर पाच घरांसाठी सहा खडे तयार होतात. जास्तीचा खडा कुणाच्या तरी डोक्यावर बसतो. यावरचा उपाय सरळ आहे. आधी फक्त घरांवर खुणा करायच्या आणि पूर्ण पट तपासून झाल्यावरच खडे काढायचे. एका घरावर दोनदा खूण केली तरी ते घर एकच राहतं.

साखळीचा प्रश्न थोडा वेगळा आहे, कारण लांब साखळी नेहमीच दोष नसते. ‘बिज्वेल्ड’चा पट आठ बाय आठचा आणि खड्यांचे रंग सात. अशा पटावर तिकडी जमू शकेल अशा आडव्या जागा ४८ आणि उभ्या ४८, मिळून ९६. तीन खडे एकाच रंगाचे असण्याची शक्यता ४९त एक. म्हणजे पट नुसता नशिबावर भरला तर सरासरी दोन तिकड्या आयत्याच तयार मिळतात. म्हणून सुरुवातीचा पट भरताना प्रत्येक घराच्या डावीकडचे दोन आणि वरचे दोन खडे पाहतात. डावीकडची जोडी एकाच रंगाची असेल तर तो रंग टाळतात, वरच्या जोडीचंही तसंच. जास्तीत जास्त दोन रंग बाद होतात, त्यामुळे तीन रंग असले तरी मार्ग निघतोच.

आता चालू खेळात पाहू. पटाच्या मध्यभागी, वरून चौथ्या आडव्या रांगेत एक तिकडी फुटली. तिच्या वरचे तीन स्तंभ एकेक घर खाली आले. त्यामुळे किती जागी तिकडी नव्याने जमू शकते? माथ्यावर तीन नवे खडे पडले, त्यांच्यामुळे आडव्या पाच आणि उभ्या तीन जागा. सरकलेले स्तंभ आणि न हललेले शेजारी यांच्या सीमेवर, तीन रांगांत प्रत्येकी चार, म्हणजे बारा जागा. फुटलेल्या तिकडीच्या जागी वरचे खडे खालच्यांना येऊन भिडले, तिथे सहा. एकूण २६. सात रंग असतील तर २६ भागिले ४९, म्हणजे एका तिकडीमागे सरासरी अर्धी नवी तिकडी. साखळी आपोआप विझते. चार रंगांत मात्र भागाकार २६ भागिले १६, म्हणजे दीडाहून अधिक. एक तिकडी एकापेक्षा जास्त तिकड्यांना जन्म देऊ लागली, तर साखळी स्वतःच स्वतःला पोसते.

हा हिशेब ढोबळ आहे. एका ओळीत चार खडे जुळले तर तो त्यांना दोन तिकड्या समजतो, म्हणून प्रत्यक्ष आकडा थोडा कमी येतो. तरी दिशा स्पष्ट आहे. रंग कमी केले की साखळ्या लांबतात, आणि खेळाची रचना करणारे अवघड-सोपी पातळी ठरवताना याचा जाणीवपूर्वक वापर करतात.

खरोखर न संपणारी साखळी वेगळ्या कारणांनी येते. त्यातलं एक कारण थेट रिकाम्या घराशी जोडलेलं आहे. प्रोग्रॅममध्ये रंगांना अंक दिलेले असतात, लाल १, निळा २ वगैरे, आणि रिकाम्या घराला बहुधा ०. तपासणी फक्त ‘तिन्ही घरांतले अंक सारखे आहेत का’ एवढंच विचारत असेल, तर शेजारची तीन रिकामी घरं तिला शून्यांची तिकडी वाटतात. ती ‘फोडली’ जाते, पण तिथे काढण्यासारखं काही नसतं. पट आहे तसाच राहतो, पुढच्या तपासणीत तीच तिकडी पुन्हा सापडते आणि चक्र थांबत नाही. पोकळी आधीच्या पायरीत राहिली, पण खेळ गोठला तो इथे. कुलूपबंद खड्यांचंही असंच होतं. शोधणारा भाग त्यांना तिकडीत धरतो, काढणारा भाग त्यांना हात लावत नाही.

दुसरं कारण यादृच्छिक अंकांत आहे. डॉटनेट फ्रेमवर्कमध्ये `new Random()` लिहिलं की तयार होणारा अंकांचा क्रम संगणकाच्या घड्याळावरून सुरू होतो. घड्याळाचा तो आकडा काही मिलिसेकंद बदलत नाही. प्रत्येक खड्यासाठी नवा `Random` तयार केला, तर लागोपाठ पडणाऱ्या तिन्ही खड्यांना एकच रंग मिळतो. माथ्यावर आयती तिकडी जमते, फुटते, आणि पुन्हा तीन सारखे खडे पडतात. `Random` एकदाच तयार करून सगळ्या खड्यांसाठी तोच वापरला की हा प्रकार थांबतो.

दोष नेमका कुठे आहे हे पडद्याकडे पाहून कळत नाही, कारण पडदाही चुकू शकतो. खडा पडत असतानाच त्याला नवं घर मिळालं आणि जुनी हालचाल उशिरा संपली, तर चित्र जुन्याच घरात जाऊन बसतं. आठवणीतला पट पूर्ण भरलेला असतो आणि पडद्यावर भोक दिसतं. म्हणून प्रत्येक पायरीनंतर पटातले अंक ओळींनी छापून पाहतात. अंकांत शून्य नसेल तर चूक हालचालीत आहे. शून्य असेल तर ते खाली आणण्याच्या पायरीनंतर दिसतं की भरण्याच्या, यावरून चुकलेली पायरी सापडते.

साखळीसाठी एक मर्यादा घालतात, समजा पन्नास फेऱ्या. ती ओलांडली की खेळ थांबवून शेवटच्या दोन फेऱ्यांचे पट नोंदवायचे. दोन्ही पट तंतोतंत सारखे असतील तर काहीतरी सापडतंय पण निघत नाहीये. माथ्याची रांग दर वेळी तीन सारख्या खड्यांनी भरत असेल तर संशय यादृच्छिक अंकांवर. आणि प्रत्येक फेरीत पट खरोखर वेगळा असेल, तिकड्याही खऱ्या असतील, तर प्रोग्रॅम बरोबर चालला आहे. त्या पातळीला आणखी एक रंग हवा आहे.