तळाचा फोटो पाठवावा
(जुन्या वस्तूंची लेखमाला, लेखांक ९)

देव्हाऱ्यातल्या टाकांवरचा मागचा लेख वाचून बिरवाडीचे एक गृहस्थ भेटायला आले. एमआयडीसीतल्या नोकरीतून निवृत्त झालेले. पुण्यातल्या एका विक्रेत्याकडची वीतभर उंचीची विष्णुमूर्ती त्यांच्या मनात भरली होती. विक्रेत्याच्या म्हणण्याप्रमाणे ती पंचधातूची आणि तीनशे वर्षं जुनी. त्याला धाडायचं पत्रही त्यांनी लिहून आणलं होतं. त्यात प्रश्न दोनच : मूर्ती अस्सल आहे ना? कागदपत्रं पूर्ण आहेत ना?

"यात काही चुकलं का?" त्यांनी विचारलं.

"चुकलं नाही. पण दोन्हींना उत्तर 'हो' असंच येणार. त्या 'हो'चं तुम्ही काय करणार?"

मग पडवीत बसून आम्ही पत्र नव्याने लिहिलं. त्याचा पहिला भाग असा :

"स. न. वि. वि. आपल्याकडील मूर्ती घेण्याचा माझा विचार आहे. ती शंभर वर्षांहून जुनी असल्याचे आपण सांगता. तरी तिच्या पुरावशेष नोंदणी प्रमाणपत्राची छायाचित्रासह प्रत पाठवावी व आपला विक्री परवाना क्रमांक कळवावा. मूर्ती आपल्याकडे कोणत्या वर्षी, कोणाकडून आली व त्याआधी कोठे होती, ते लिहावे. त्या काळातील छायाचित्र, पावती किंवा वाटणीपत्र यांपैकी जे असेल त्याची प्रत जोडावी."

पुरावशेषांचा कायदा १९७२ चा, अंमल १९७६ पासून. शंभर वर्षं पूर्ण झालेली धातुमूर्ती पुरावशेष ठरते आणि मालकाला तिची नोंदणी करावी लागते. ती दुसऱ्याच्या हाती गेली की तेही नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचं. विकण्याचा धंदा करणाऱ्याला परवाना लागतो. त्यामुळे 'तीनशे वर्षं' म्हणणारा विक्रेता 'नोंदणी नाही' म्हणाला, तर त्याची दोन वाक्यं एकमेकांना छेद देतात. पत्रात मूर्तीचं वय त्याच्याच तोंडचं घातलं, ते यासाठी.

पण प्रमाणपत्र म्हणजे सगळी साखळी नव्हे. मूर्तीची नोंद झाली एवढं ते सांगतं; त्याआधी ती कुणाच्या देव्हाऱ्यात किंवा कुठल्या देवळात होती, हे निराळं शोधावं लागतं. इथे मोठमोठी संग्रहालयं फसली आहेत. तमिळनाडूतल्या श्रीपुरंतान गावच्या देवळातला नटराज चोरीला गेला आणि २००८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने तो पन्नास लाखांहून जास्त अमेरिकी डॉलर मोजून घेतला. विक्रेता न्यूयॉर्कचा सुभाष कपूर. सोबत कागद होते, आणि त्या कागदांप्रमाणे मूर्ती दिल्लीत १९७० च्या सुमारास विकत घेतलेली होती. म्हणजे बरोबर कायदा होण्याआधी! पुढे पुद्दुचेरीच्या फ्रेंच संस्थेच्या संग्रहातलं १९९४ मधलं छायाचित्र पुढे आलं. त्यात तोच नटराज देवळात होता. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियाला तो परत करावा लागला.

पत्र आज बसून मागच्या तारखेचं लिहिता येतं, जुना फोटो तसा बनवणं त्या मानाने अवघड. म्हणून आम्ही छायाचित्र आधी लिहिलं आणि पावती नंतर. 'एका जुन्या घराण्याकडून' एवढंच उत्तर आलं, तर ते उत्तर आलं नाही असं धरायचं. घराण्याचं नाव उघड करायला विक्रेता कचरत असेल, ते समजू शकतं. पण गाव, वर्ष आणि एखादा कागद दाखवायला हरकत नसावी.

पत्राचा दुसरा भाग मूर्तीच्या प्रकृतीचा. मला विचाराल तर बिरवाडीकरासाठी हाच भाग जास्त महत्त्वाचा.

"पीठासह व पीठाविना उंची, तसेच वजन कळवावे. समोरून, दोन्ही बाजूंनी, मागून व तळातून, दिवसाच्या उजेडात काढलेली छायाचित्रे पाठवावीत. कोठे डाग, जोड, झाळ किंवा भर असल्यास दाखवावे. फिकट हिरवी भुकटी कोठे सुटते काय? मूर्ती कशाने साफ केली, वर लेप दिला आहे काय, आणि ती वातानुकूलित खोलीत ठेवली आहे काय, हेही लिहावे."

जुन्या ब्राँझवर हिरवा थर असतोच, त्याला भ्यायचं कारण नाही. तो टणक, चिकटलेला असतो आणि आतल्या धातूला जपतो. घातक असते ती पोपटी, खडूसारखी भुकटी. जमिनीत पुरलेल्या किंवा खारट हवेत राहिलेल्या मूर्तीत क्लोराईड शिरून तांब्याशी जुळून बसतं. हवा कोरडी असेपर्यंत ते निपचित असतं. दमटपणा पन्नास टक्क्यांच्या आसपास गेला की पाणी आणि प्राणवायू मिळून त्यातून भुकटी तयार होते, शिवाय आम्ल सुटतं. ते आम्ल आणखी तांबं खातं. जाणकार याला ब्राँझचा रोग म्हणतात. नाकाडोळ्यांच्या जागी खड्डे पडेपर्यंत तो थांबत नाही.

आता पुण्यातली एसी खोली आणि आषाढातली बिरवाडी यांची तुलना करा. आपल्याकडे पावसाळ्यात कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते. तिकडे वर्षभर गप्प बसलेली मूर्ती इथे महिन्याभरात हिरवी गळायला लागेल आणि विक्रेता म्हणेल, तुम्हीच नीट ठेवली नाही. म्हणून खोलीचा प्रश्न. शंका असली तर एक साधी परीक्षा आहे. विक्रेत्याची परवानगी घेऊन मूर्ती झाकणाच्या डब्यात ठेवायची, शेजारी वाटीत ओला कापूस, त्याचा स्पर्श मूर्तीला होऊ द्यायचा नाही. दोनतीन दिवसांत नवे पोपटी ठिपके उमटले, तर रोग जिवंत आहे. त्यावर उपचार असतात, पण ते संग्रहालयातल्या संवर्धकाचं काम. घरी चिंच-लिंबू लावलं की आम्ल वाढतं आणि जुना थरही जातो.

तळाचा फोटो सगळ्यात बोलका. मेणाचा साचा करून ओतलेली मूर्ती पोकळ असली, तर आत मातीचा गाभा उरलेला दिसू शकतो. त्या भाजलेल्या मातीवरून ओतकामाचा काळ प्रयोगशाळेत अंदाजता येतो. भरीव मूर्तीत ती सोय नाही, नुसत्या धातूवरून वय सांगता येत नाही. धातूची तपासणी केली की फार तर मिश्रण कळतं. आपल्याकडच्या देव्हाऱ्यांत 'पंचधातू' म्हणून सांगितल्या जाणाऱ्या कितीतरी मूर्ती पितळेच्या, म्हणजे तांबं-जस्ताच्या निघतात. त्याने मूर्ती खोटी ठरत नाही, भाव मात्र बदलतो. झीज कुठे आहे तेही पाहायचं. रोजच्या अभिषेकाने आणि पुसण्याने नाक, गाल, गुडघे गुळगुळीत होतात, काखेतलं आणि पाठीमागचं कोरीव काम तीक्ष्ण राहतं. सगळीकडे सारखीच झिजलेली मूर्ती संशयास्पद.

पंधरवड्याने उत्तर आलं. परवाना क्रमांक होता, प्रमाणपत्राची प्रत होती. गृहस्थ खुशीत होते. आम्ही फूटपट्टी घेऊन बसलो. प्रमाणपत्रावर उंची एकवीस सेंटिमीटर, विक्रेत्याच्या पत्रात पीठासह चोवीस. छायाचित्र आणि नवे फोटो शेजारी ठेवले : शंखाच्या कडेचा टवका दोन्हींत सारखा, उजव्या खांद्यामागची खाचही तीच. म्हणजे मूर्ती तीच, पीठ मात्र नोंदणीनंतर जोडलेलं. यात फसवणूकच असेल असं नाही. मोडक्या पायाच्या मूर्तीला उभी राहण्यासाठी पीठ जोडतात. पण झाळ कुठे घातली, मूळ पाय शाबूत आहेत का, आणि भाव चोवीस सेंटिमीटरचा लावलाय का, हे विचारायलाच हवं. वाटणीपत्राची प्रतही आली होती. त्यात 'देवघरातील मूर्ती, नग पाच' एवढंच. पाचांतली ही कुठली, ते त्यावरून ठरत नाही.

पाठवलेल्या फोटोंत तळाचा नव्हता. त्यांनी दुसरं पत्र तिथेच लिहायला घेतलं. या वेळी एकच ओळ : पीठाचा तळ व मूर्तीचा जोड दिसेल असे छायाचित्र पाठवावे, तोवर इसारा देता येणार नाही.