पाइपची जाडी आणि मीटरचा आकडा

कारखान्यातला पाइप आतून किती झिजला, हे तो न कापता अल्ट्रासोनिक मीटर सांगतो. ध्वनी पलीकडच्या भिंतीवर आपटून परत यायला लागलेला वेळ मोजून तो जाडी काढतो. त्यासाठी ध्वनीचा वेग आपणच भरायचा असतो, आणि घोळ होतो तो इथेच.

साध्या पोलादाच्या पायऱ्यांच्या ठोकळ्यावर, एक पातळ आणि एक जाड पायरी घेऊन, मीटर जुळवला; वेग बसला सेकंदाला 5920 मीटर. मग तोच स्टेनलेसच्या पाइपवर लावला. तिथला वेग 5660 असेल, तर खऱ्या 6 मिमी भिंतीला मीटर 6.28 दाखवतो. झिजलेला पाइप धडधाकट वाटतो, म्हणून ही चूक मला सर्वांत घातक वाटते. ठोकळा पाइपच्याच धातूचा हवा.

प्रोबखालच्या जेलमध्ये ध्वनी संथ चालतो. ग्लिसरीनचा 0.1 मिमी जादा थर पोलादाच्या 0.3 मिमीइतका भरतो. लहान पाइपच्या गोलाईवर सपाट प्रोबच्या कडांखाली फट राहते आणि तिथे जेल साचते. म्हणून दुहेरी प्रोबची मधली रेघ पाइपच्या लांबीला आडवी धरून, प्रोब हलकेच डोलवत, स्थिर मिळणारा सर्वांत लहान आकडा नोंदवावा.