चाल अठरा हजारांची, मजल अठराशेची

ऑक्टोबर २०२१ मध्ये निफ्टीने १८,६०० चं शिखर गाठलं आणि पुढचे वीस महिने अनेकांची पंचाईत झाली. कोविडनंतरच्या उसळीत ज्या सेटअपने पैसे मिळवून दिले होते, तोच आता दर महिन्याला स्टॉपलॉस खाऊ लागला. सरासरीच्या वर किंमत गेली की घ्यायचं, खाली आली की विकायचं, हा साधा नियमही चालेना. नियम तोच होता, पण बाजाराचा स्वभाव बदलला होता आणि तो तपासायचं राहून गेलं होतं.

ट्रेंड ओळखायची जुनी कसोटी शिखरं आणि तळ पाहण्याची आहे. दोन्ही चढत असतील तर तेजी, दोन्ही उतरत असतील तर मंदी. पण याच काळात ती फसवते. डिसेंबर २०२१ ला निफ्टी १६,४०० पर्यंत आला, जानेवारीत १८,३५० ला गेला, मार्चमध्ये १५,६७० वर, एप्रिलमध्ये पुन्हा १८,११० ला आणि जूनमध्ये थेट १५,१८० वर. शिखरं उतरती, तळही उतरते. पुस्तकाप्रमाणे ही मंदी झाली. ती मानून जूनमध्ये शॉर्ट केलेल्यांना डिसेंबरमध्ये निफ्टी १८,८९० वर दिसला. शिखरांमधला फरक तीनशे-चारशे अंकांचाही नव्हता आणि प्रत्येक घसरण जवळजवळ पूर्ण भरून निघत होती, हे त्यांनी मोजलं नव्हतं.

म्हणून मला एक हिशेब जास्त भरवशाचा वाटतो. पेरी कॉफमन या अमेरिकी लेखकाचा ‘एफिशियन्सी रेशो’ म्हणून तो ओळखला जातो. किंमत एकूण किती अंक चालली आणि त्यातून प्रत्यक्षात किती पुढे सरकली, एवढंच त्यात बघायचं. कॉफमन रोजच्या बंद भावांतल्या फरकांची बेरीज घेतो. आपण साप्ताहिक चार्टवरचे फक्त मोठे टप्पे घेऊ, कागद-पेन्सिलीवर जमण्याजोगं.

ऑक्टोबर २०२१ च्या शिखरापासून मार्च २०२३ च्या १६,८३० च्या तळापर्यंत सात मोठे टप्पे पडले. चढ-उतार, दिशा न पाहता, बेरीज केली तर ती साधारण १८,००० अंक भरते. सुरुवात आणि शेवट यांत अंतर मात्र १,७७० चं. म्हणजे शंभर पावलांत दहा कामाची. आता त्याआधीची तेजी घ्या. सप्टेंबर २०२० च्या १०,७९० पासून ऑक्टोबर २०२१ च्या शिखरापर्यंत मध्ये दोन मोठ्या घसरणी आल्या, तरी एकूण चाल साधारण १२,७०० आणि मजल ७,८०० ची. शंभरातली साठाहून अधिक पावलं कामाची. निर्देशांक तोच, मोजपट्टीही तीच, पण उत्तरांत सहापट फरक.

दहा टक्क्यांच्या बाजारात ब्रेकआउट विकत घेणं हा तोट्याचा धंदा असतो. डिसेंबर २०२२ च्या पहिल्या दिवशी निफ्टीने नवा उच्चांक केला तेव्हा बातम्यांत जल्लोष होता. पण पट्टा साडेतीन हजार अंकांचा आणि त्याबाहेर पडलेलं पाऊल तीनशे अंकांचंही नाही. २३ डिसेंबरला निफ्टी १७,८०० च्या आसपास बंद झाला, पुन्हा पट्ट्याच्या आत. अशा बाजारात कामाचा सेटअप वेगळा: तळाजवळ घेणं, शिखराजवळ नफा पदरात पाडणं, आणि मधल्या भागात हात न लावणं.

खरा ब्रेकआउट कसा दिसतो, हेही याच चार्टवर आहे. जून २०२३ अखेर निफ्टी १९,००० च्या पुढे गेला. ऑक्टोबरात घसरण आली, तीही बरीच, पण ती १८,८४० च्या आसपास थांबली. जुनं छत फरशी झालं, किंमत पट्ट्यात परतली नाही. त्यानंतरच्या तेजीत घसरणीत खरेदी करणारे फावले.

या हिशेबाला मर्यादा आहेत. टप्पे पूर्ण झाल्याशिवाय तो मांडता येत नाही, त्यामुळे ट्रेंडचा पहिला भाग हुकतोच. दैनिक भावांतल्या फरकांची बेरीज केली तर आकडा बराच लहान येतो, म्हणून दोन पद्धतींचे आकडे एकमेकांशी ताडून पाहू नयेत. पाच मिनिटांच्या चार्टवरचा ट्रेंड साप्ताहिक चार्टवर निव्वळ पट्ट्यातली हालचाल असू शकतो. ज्या चार्टवर सौदा करणार, त्यावरच मोजा.

पुढचा सौदा टाकण्याआधी त्या शेअरचे शेवटचे पाच-सहा मोठे टप्पे लिहून बेरीज करा. मजल चालीच्या पंचवीस टक्क्यांच्याही खाली असेल, तर ब्रेकआउटची ऑर्डर लावू नका.