खोली बदलून मागताना

मालाच्या खरेदीसाठी सूरत, अहमदाबाद किंवा मुंबईस दोन-तीन मुक्काम करणे हा आपल्या धंद्याचा भागच आहे. दिवसभर मार्केटमध्ये थान पाहून डोळे आणि पाय दोन्ही थकतात. रात्री झोप हवी, आणि फजरनंतर तासभर पडता आले तर उत्तम. नेमके त्याच वेळी शेजारच्या प्लॉटवर ब्रेकर सुरू होतो. अशा वेळी काही बांधव काउंटरवर जाऊन आवाज चढवतात, तर काही मुकाट्याने सोसतात. दोन्ही प्रकारांनी खोली काही बदलत नाही. ती कशी बदलून मिळते, हे आम्ही इतक्या वर्षांच्या मुक्कामांत जे पाहिले त्यावरून सांगतो.

आधी हॉटेलचा दिवस कसा चालतो ते समजून घ्यावे. बहुतेक हॉटेलांत सकाळी अकरा-बाराच्या सुमारास गिऱ्हाईक खोली सोडते. मग चादरी बदलणे, झाडपूस यांत दुपारचे दोन वाजतात. त्या दिवशी येणाऱ्या पाहुण्यांना कोणती खोली द्यायची, हे काउंटरवाला बऱ्याचदा सकाळीच ठरवून ठेवतो. म्हणून विनंती सकाळी दहाच्या आत करावी. त्या वेळी त्याच्याकडे रिकामी खोली नसली, तरी दुपारी रिकामी होणारी खोली तो तुमच्या नावावर अडवून ठेवू शकतो. संध्याकाळी गाड्यांची गर्दी उतरल्यावर हाच माणूस इच्छा असूनही काही करू शकत नाही. रात्रपाळीच्या पोऱ्याला तर बहुधा तेवढा अधिकारच नसतो. त्याच्याशी वाद घालून झोपेचा उरलेला भागही जातो.

दुसरी गोष्ट, आवाज कसला आहे हे बोलण्यापूर्वी स्वतः पाहून घ्यावे. शेजारच्या इमारतीत लाकडी-लोखंडी फळ्या ठोकून वर सळया बांधल्या असतील, तर स्लॅब भरायची वेळ आली असे समजावे. स्लॅब एकदा भरायला घेतला की मध्येच थांबवत नाहीत, काम रात्रीपर्यंत जाऊ शकते. पण भरून झाला की तो आवाज संपतो. जुनी भिंत फोडण्याचे किंवा पाया खणण्याचे काम असेल तर ते तुमच्या मुक्कामात संपणारे नाही. पहिल्या प्रकारात एका रात्रीपुरती दुसरी खोली मागणेही चालते, दुसऱ्यात खोली बदललीच पाहिजे.

येथे कायद्याचाही उल्लेख करतो, कारण त्याचा दाखला लोक चुकीचा देतात. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा अशी धरली आहे, आणि त्या वेळात आवाज करणारी बांधकामाची यंत्रे चालविण्यास मनाई आहे ती निवासी भागात व शांतता क्षेत्रात. आपली हॉटेले बहुधा बाजारपेठेत असतात. शिवाय काम शेजाऱ्याचे, हॉटेलवाल्याचे नव्हे. तेव्हा ‘काम बंद करवा’ असे त्याला म्हणण्यात अर्थ नाही. त्याच्या हातात खोली आहे, तीच मागावी.

आता बोलणे. २०२३ साली सूरतमध्ये आमचा तीन रात्रींचा मुक्काम होता, खोली ३०४, भाडे रोज २,२०० रुपये. खिडकीखालीच खोदकाम. पहिली रात्र काढून सकाळी नऊला आम्ही काउंटरवर गेलो आणि इतकेच म्हणालो: ‘भाईसाहब, आम्ही ३०४ मध्ये आहोत. शेजारचे काम काल रात्री अकरापर्यंत चालले आणि आज आठला पुन्हा सुरू झाले. तुमचा यात दोष नाही. आणखी दोन रात्री आहोत. मागच्या बाजूची खोली दुपारपर्यंत मिळाली तर मेहेरबानी होईल. थोडी लहान असली तरी चालेल. सामान बांधूनच ठेवतो.’

या सात छोट्या वाक्यांत त्याला लागणारे सारे आले: खोलीचा नंबर, त्रास कसला व केव्हा, किती रात्री उरल्या, काय हवे, आणि कशावर भागेल. आपली उर्दू जुबान अदबीची आहेच. पण कित्येकदा तारीफ आणि तमहीद इतकी लांबते की मुद्दा शेवटी राहतो आणि काउंटरवर फोन वाजू लागतो. अदब लहजात ठेवावी, बोलणे थोडके ठेवावे.

त्याने प्रथम ५०७ देऊ केली. वरचा मजला म्हणजे शांतता असे पुष्कळांना वाटते. पण ती त्याच बाजूची होती, आणि खिडकीपासून खड्डा सरळ दिसत असेल तर दोन मजल्यांनी फारसा फरक पडत नाही. मध्ये इमारतच आडवी आली पाहिजे. म्हणून आम्ही मागच्या बाजूची २११ घेतली. ती लहान, तिचे भाडे १,८०० रुपये. दोन रात्रींचे ८०० रुपये कमी करावेत असे आम्ही नम्रपणे सांगितले, आणि त्याने ते लगेच मान्य केले. मोठी खोली त्याच भावात मागितली असती तर त्याला मालकाला विचारावे लागले असते.

मात्र काम हॉटेलातच चालू असेल तर हा हिशेब बदलतो. फरशी फोडण्याचा आवाज भिंती-खांबांतून सगळ्या मजल्यांवर फिरतो. तेथे बाजू बदलून उपयोग नाही, कामापासून तीन-चार मजले दूर जावे लागते. तेही नसेल तर काम किती ते किती चालते एवढे विचारून घ्यावे.

नवी खोली पाहायला जाल ती वेळही महत्त्वाची. दुपारी एक ते दोन मजूर जेवायला बसतात, तेव्हा कोणतीही खोली कब्रस्तानासारखी शांत वाटते. काम चालू असताना खिडकी लावून पाच मिनिटे उभे राहा. लिफ्ट आणि जनरेटर कोठे आहे तेही पाहा.

खिडकीसमोरचे दृश्य अडल्याची तक्रार वेगळी. नुसत्या खोलीचे पैसे दिले असतील आणि समोर भिंत आली, तर तो आपला हक्क नव्हे. विनंती करावी, मिळाली तर ठीक. पण दृश्याचे जादा पैसे घेतले असतील तर गोष्ट निराळी. उमऱ्याला जाणाऱ्यांना हे ठाऊक हवे: मक्केत ‘काबा व्ह्यू’, ‘हरम व्ह्यू’ आणि ‘पार्शल हरम व्ह्यू’ अशा वेगवेगळ्या दरांच्या खोल्या विकल्या जातात. पार्शल म्हणजे खिडकीतून तिरके, थोडेसे दिसणारे. व्हाउचरवर कोणता शब्द आहे तो आधी वाचावा, आणि तोच कागद पुढे ठेवून बोलावे. ग्रुपमध्ये गेला असाल तर खोल्यांची यादी टूरवाल्याने दिलेली असते. काउंटरवाला तुम्हाला परत त्याच्याकडेच पाठवील. विनंती त्याच्या माणसामार्फत करावी, आणि खोलीतल्या इतर साथीदारांची रजामंदी आधी घ्यावी, कारण बदलली तर सर्वांचीच बदलते.

कंपनीमार्फत किंवा मोबाईलवरून बुकिंग केले असेल तर काउंटरवर ‘त्यांच्याशी बोला’ असे उत्तर मिळते. पैसे परत हवे असतील तर ते बरोबर आहे. त्याच दराची दुसरी खोली देणे मात्र हॉटेलच्याच हातात असते, हे शांतपणे लक्षात आणून द्यावे.

खोली बदलल्यावर रजिस्टरमध्ये नवा नंबर चढला का ते स्वतः पाहावे, आणि जुन्या खोलीचे चहा-नाश्त्याचे बिल त्याच वेळी तपासावे, नाहीतर तुमच्यानंतर तेथे आलेल्याचा चहाही तुमच्या नावावर पडतो. दलालाला आणि सॅम्पल पाठवणाऱ्या दुकानदारांना नवा नंबर लगेच कळवावा. आमचे ड्रेस मटेरियलचे एक पार्सल ३०४ मधल्या नव्या पाहुण्याकडे जाऊन पडले होते. बिचारा भला माणूस, त्याने ते न उघडता खाली आणून दिले.