दीड सेकंदात मावणारं वाक्य

तमिळ चित्रपटात कुणी चिडून म्हणतं, ‘नान् अप्पवे सोन्नेन्ल, अवन नम्बादेन्नु.’ मी तेव्हाच सांगितलं होतं ना, त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस. बोलायला लागतो दीड सेकंद. सेकंदाला 22 अक्षरांची मर्यादा धरली, तर हिंदी सबटायटलला मिळतात 33. सॉफ्टवेअर काना, मात्रा, अनुस्वार आणि मोकळी जागाही वेगळी मोजतं, हे हिंदीला फार जाचतं.

‘मैंने तो तुमसे तभी कह दिया था न कि उस पर भरोसा मत करना’ ही होतात 54. ‘तभी कहा था, उस पर भरोसा मत करो’ ही 30. ‘तभी’ मात्र काढू नये. सगळा राग त्यातच आहे.

तमिळ क्रियापदातच ‘मी’ असतो, हिंदीत तो गळला. बोलणारा पडद्यावर असेल तर चालतं. तो पाठमोरा असेल, तर ‘मैंने’ हवंच. मग 36 होतात. अशा वेळी पुढच्या शांततेत सबटायटल चार फ्रेम जास्त ठेवतात. लगेच दुसरा संवाद सुरू झाला, तर तीही सोय उरत नाही आणि वाक्य पुन्हा तासावं लागतं.