आगाऊ रक्कम कुणाच्या वाट्यातून फिटते?

लेबलचा करार हाती आला की स्वतंत्र गायिकेची नजर आधी आगाऊ रकमेवर जाते. पण ती रक्कम कशातून वळती होणार, हे सांगणारे कलम जास्त महत्त्वाचे असते.

समजा, लेबलने तिला २ लाख रुपये दिले आणि स्टुडिओ, वादक, व्हिडिओ यांवर ३ लाख खर्च केले. हा खर्चही तिच्याकडून वसूल व्हायचा आहे आणि तिची रॉयल्टी २० टक्के आहे. म्हणजे तिच्या नावावर ५ लाख. पण ते फिटतात फक्त तिच्या २० टक्क्यांतून. गाण्यातून लेबलकडे ५ लाख आले की लेबलचे पैसे सुटले. तिच्या खात्यावर मात्र १ लाखच जमा झाला. पूर्ण फिटायला २५ लाख यावे लागतात. तोवर खर्च वजा जाता लेबलकडे २० लाख उरलेले असतात आणि तिला सुरुवातीच्या २ लाखांपलीकडे काहीच मिळालेले नसते.

गाणे पडले तर सहसा ही बाकी तिला खिशातून भरावी लागत नाही, तो धोका लेबल घेते. मात्र सगळी गाणी एकाच खात्यात धरली असतील, तर पहिल्याची तूट दुसऱ्याच्या कमाईतून कापली जाते. म्हणून प्रत्येक गाण्याचा हिशेब वेगळा मागावा आणि व्हिडिओचा निम्माच खर्च आपल्या नावावर घ्यावा. माझ्या मते टक्केवारी वाढवून घेण्याआधी हे मागावे.

सगळे फिटल्यावरही मास्टर, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रण, लेबलकडेच राहते. मला हेच सर्वांत खटकते. आपल्या कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रणाचा कर्ता गायक नसून निर्माता असतो, म्हणजे ते घडवण्यात पुढाकार घेऊन जबाबदारी उचलणारा. त्याचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे चालतो. गाणे तिने स्वखर्चाने, स्वतः उभे केले असेल, तर निर्माती तीच. मग हक्क कायमचे लिहून देण्याऐवजी ठरावीक वर्षांचा परवाना द्यावा. हक्क लेखी हस्तांतरित केले आणि मुदत लिहिलीच नाही, तर कायदा ती ५ वर्षे धरतो. पण छापील मसुद्यात बहुधा 'कॉपीराइटच्या संपूर्ण काळासाठी' असे आधीच लिहिलेले असते.

मुदतीतही दोन वेगळे काळ असतात. एक, तिने फक्त याच लेबलसाठी गाण्याचा. दुसरा, झालेली गाणी लेबलने वापरण्याचा. पहिला 'एक वर्ष' दिसतो, पण पुढे तीन वाढीव वर्षांचा पर्याय असतो आणि तो वापरायचा की नाही हे एकटे लेबल ठरवते. वर्ष तारखेने संपते की ठरलेली गाणी लेबलने स्वीकारल्यावर, हेही पाहावे. लेबलने गाणी नापसंत करत राहिले, तर दुसऱ्या प्रकारात वर्ष संपतच नाही. अशा वेळी बाहेर पडण्याची शेवटची तारीख करारातच लिहून घ्यावी लागते.